शपथपत्रात निम्मे अंक मराठी, निम्मे इंग्रजी : चालतं का?

माजघर

नमस्कार मंडळी. वडील गेल्यावर गावाकडच्या जमिनीला वारस म्हणून आमची नावं लावायची आहेत. त्यासाठी आईच्या नावाने शपथपत्र करायचंय. मसुदा ओळखीच्या टंकलेखकाकडून करून घेतला. घरी आणून वाचला तर अंकांची खिचडी झालेली. नमुन्यादाखल तिसरा परिच्छेद देते, नाव-गाव काढून :

"3. माझे पती मयत कै. अमुक हे दि. 12/०५/2023 रोजी स्वर्गवासी झाले असून त्यांचे मृत्यूपत्र सोबत जोडले आहे. त्यांच्या नावे मौजे तमुक येथील गट नं. १४/२अ, क्षेत्र 0.८१ हे.आर ही मिळकत आहे."

टंकलेखक म्हणतो, "ताई, सगळे असंच करतात, कोणी बघत नाही." भावाचं म्हणणं, सगळे अंक एकाच लिपीत हवेत, नाहीतर अर्ज परत येईल. खरं काय? आणि बदलायचेच तर मराठीत करू की इंग्रजीत? पुढे आधार आणि पॅनचे नंबरही आहेत.

बापूसाहेब_निवृत्त

सरळ सगळे इंग्रजी करा. राज्यघटनेतच तरतूद आहे, अनुच्छेद ३४३. अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपाचेच वापरायचे. देवनागरी अंक कायद्याने केव्हाच बाद झालेत. मी तीस वर्षं कार्यालयात काढली, आम्ही फायलीत 1, 2, 3 असेच लिहीत होतो.

सुटसुटीत

माझाही असाच प्रश्न आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझ्या जन्मतारखेतला एक अंक चुकलाय, १७ ऐवजी ११ पडलंय. शपथपत्र केलं की ते दुरुस्त होतं ना?

पायरीवरचा

@सुटसुटीत, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अंकाची लिपी चुकलेली नाही, तारीखच चुकली आहे. नुसत्या शपथपत्राने दाखला बदलत नाही, शाळेच्या मूळ नोंदीपासून सुरुवात करावी लागते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

@बापूसाहेब, अनुच्छेद तुम्ही बरोबर सांगितलात, पण निम्माच. ३४३ मध्ये अंकांच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपाची जी गोष्ट आहे ती संघराज्याच्या शासकीय कामकाजापुरती आहे, म्हणजे केंद्राच्या. त्याच अनुच्छेदात देवनागरी अंकांचाही वापर करू देण्याची मुभा ठेवली आहे, पहिली पंधरा वर्षं ती राष्ट्रपतींना होती, त्यानंतर कायदा करून संसदेला. म्हणजे बाद वगैरे काही झालेलं नाही. महाराष्ट्राचं कामकाज महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ खाली मराठीत चालतं. मराठी अंक आहेत म्हणून शपथपत्र नाकारलं, असं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. मिसळ आहे म्हणूनही नाही.

मग तुमचा टंकलेखक बरोबर का? नाही. शपथपत्र नाकारलं जात नाही, पण ते चुकीचं वाचलं जातं, आणि ते जास्त महागात पडतं. माझ्याकडचंच एक प्रकरण सांगतो. पक्षकाराच्या शपथपत्रात तारखा, वय, आधार, क्षेत्र सगळं इंग्रजी अंकांत होतं. गट क्रमांक तेवढा जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावरून उतरवला होता, म्हणून तो मराठीत राहिला : १४. त्या शपथपत्राच्या झेरॉक्सची झेरॉक्स इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला गेली. नोटीस छापून आली तेव्हा गट नंबर होता 98.

विश्वास बसत नसेल तर कागदावर जरा पुसट १४ लिहा आणि इंग्रजी समजून वाचा. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा. वरखाली सगळे अंक इंग्रजी असले की नजर त्याच लिपीत वाचत जाते, मध्येच थांबून "हा मराठी आहे का" असं विचारत नाही. पूर्ण कागद मराठी अंकांत असता तर ही चूक झाली नसती. पूर्ण इंग्रजीत असता तरी नसती. नंतर ९८ नंबरच्या गटाचा मालक हरकत घेऊन आला, आणि नोटीस पुन्हा द्यावी लागली.

आणि ताई, अंक राहू द्या बाजूला, तुमच्या मसुद्यात त्याहून गंभीर गोष्ट आहे. "मृत्यूपत्र सोबत जोडले आहे" असं लिहिलंय. तुमच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का?

माजघर

नाही हो! मृत्यूचा दाखला जोडलाय. तेच लिहायचं होतं ना?

पायरीवरचा

तोच तर घोळ. मृत्युपत्र म्हणजे माणसाने हयातीत करून ठेवलेली व्यवस्था, माझ्यामागे हे याला, ते त्याला. तुम्ही जोडताय तो मृत्यूचा दाखला, नोंदणी कार्यालयातून मिळतो तो. आई शपथेवर सांगणार की मृत्युपत्र जोडलंय, आणि पुढे पाचव्या परिच्छेदात बहुधा असंही असेल की "मयताने कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही". आहे का तसं वाक्य?

माजघर

आहे. सहाव्यात. अगदी त्याच शब्दांत. देवा.

पायरीवरचा

म्हणजे एकाच शपथपत्रात दोन परिच्छेद एकमेकांना खोटं पाडतायत. उद्या एखादा चुलता हरकत घ्यायला बसलाच, तर पहिलं बोट इथेच ठेवेल : "मृत्युपत्र होतं, आता लपवतायत." शपथपत्रात "म्हणायचं असं नव्हतं" हे ऐकून घेतलं जातं, पण त्यासाठी तारखा पडतात.

वेलांटी

मी मुद्रितशोधक आहे, कायद्यातलं कळत नाही, पण या परिच्छेदाला हात लावल्याशिवाय राहवत नाही.

आधी मृत्युपत्र. सुटा शब्द "मृत्यू", यू दीर्घ. समासात आला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व उकार परत येतो : मृत्युपत्र, मृत्युदंड. "मृत्यूचा दाखला" हा समास नाही, प्रत्यय लागलाय, म्हणून तिथे दीर्घच. म्हणजे वकीलसाहेबांनी सांगितलेले दोन वेगळे कागद उकारावरूनही वेगळे ओळखू येतात. अर्थात उकारावर कोणी हक्क ठरवणार नाही, पण कागदभर "मृत्यूपत्र", "मृत्यु दाखला", "मृत्यु पत्र" अशी तीन रूपं फिरायला लागली की वाचणाऱ्याला कळत नाही की कागद एक आहे, दोन आहेत की तीन.

दुसरं, एकाच परिच्छेदात तुमचे वडील "मयत" आहेत, "कै." आहेत आणि "स्वर्गवासी" पण झालेत. निबंधात आपण तोच शब्द परत येऊ नये म्हणून धडपडतो. इथे उलट. एकदा "मयत" म्हटलं की शेवटपर्यंत मयतच. मिळकत म्हटलं की पुढे मालमत्ता, स्थावर, जमीन-जुमला काही नाही. आणि आईला काय म्हटलंय मसुद्यात? "मी", "अर्जदार", "प्रतिज्ञार्थी"?

माजघर

तिन्ही. शिवाय सहीच्या जागी "शपथकर्ती".

वेलांटी

एका बाईची चार माणसं केली टंकलेखकाने. :)

खिळेजुळारी

टंकलेखकाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी. कोर्टाबाहेरच्या टपरीत बसून हेच काम करतो.

मिसळ मुद्दाम होत नाही. माझ्या कळफलकावर वरच्या ओळीतून मराठी अंक येतात आणि उजव्या बाजूच्या नंबर पॅडवरून इंग्रजी. मजकूर चालू असताना मध्येच एक अंक आला तर बोट वरच्या ओळीवर जातं. रक्कम किंवा आधारसारखा लांब नंबर आला की हात आपोआप पॅडवर जातो. तारीख टंकताना दोन्हीकडे. तुमच्या "12/०५/2023" चं रहस्य एवढंच. दुसरं कारण म्हणजे जुना नमुना. कोणाच्या तरी शपथपत्रावर नवीन नाव घालून काम भागवलेलं असतं, त्यामुळे जुने अंक एका लिपीत आणि नवे दुसऱ्या. शब्दांचंही तेच. परिच्छेद दोन एका नमुन्यातला, सहा दुसऱ्या. म्हणून एकात अर्जदार, एकात प्रतिज्ञार्थी.

आता डोळ्यांनी न दिसणारी मिसळ. २, ३ आणि ० हे अंक दोन्ही लिपींत जवळजवळ सारखे दिसतात. आणि वर्ष कोणतं? २०२३! त्यात दुसरे अंकच नाहीत. "20२3" टंकलं तरी छापील कागदावर कोणाच्या बापाला कळणार नाही. पण फायलीत "२०२३" शोधलं तर ते सापडत नाही. संगणकाच्या लेखी 2 आणि २ ही वेगवेगळी अक्षरं आहेत, क आणि ख इतकी वेगळी. म्हणून वाचून तपासू नका. लिब्रेऑफिसमध्ये शोधा-बदला उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करा आणि हे शोधा :

```
[०-९][./-]?[0-9]|[0-9][./-]?[०-९]
```

एकाच संख्येत, किंवा तिरकी रेघ, टिंब, आडवी रेघ मध्ये असलेल्या तारखेत दोन लिप्या आल्या असतील तर तिथे थांबेल. तुमच्या परिच्छेदात तारखेवर आणि "0.८१" वर थांबायला हवं. `\d` वापरू नका, त्याला दोन्ही लिपींचे अंक सारखेच, फरक सापडणारच नाही.

आणि एक हात जोडून विनंती. सगळ्या फायलीत 0 ते 9 एकदम बदलू नका. मी एकदा केलंय. पक्षकाराचा पॅन ABCDE१२३४F असा छापून आला, मेलचा पत्ता मराठी अंकांचा झाला. सही झाल्यावर लक्षात आलं.

बापूसाहेब_निवृत्त

३४३ बाबत दुरुस्ती मान्य, फायलींची सवय बोलली. पण मग माझा मुद्दा उलट पक्का होतो. पॅन, आधार इंग्रजीतच ठेवावे लागणार असतील तर बाकीचं मराठीत ठेवून मिसळ का करायची? सगळंच इंग्रजी करा, वाद मिटला.

पायरीवरचा

मिटत नाही, बापूसाहेब. सातबारा हे नावच ७/१२ आहे. उताऱ्यावरचा उपविभाग "२अ" आहे, तो 2A करायचा का? तो केला की गट बदलला, कारण उताऱ्यावर तसा उपविभागच नाही.

मी ज्या पद्धतीने करतो ती सांगतो. शपथपत्रात दोन जातीचे अंक असतात. एक, जे आपण आपल्या तोंडून सांगतो : वय, तारीख, क्षेत्र, रक्कम, मुलं किती, परिच्छेद कितवा. हे सगळे एकाच लिपीत, आणि कागद मराठी आहे तर मराठीत. दुसरे, जे कुठल्यातरी कागदावरून किंवा कार्डावरून उतरवून घेतलेले असतात : पॅन, आधार, खाते क्रमांक, वाहन क्रमांक. हे मुळात जसे आहेत तसेच, एकही अक्षर न बदलता. अशी मिसळ चालते, कारण ती ठरवून केलेली आहे आणि वाचणाऱ्याला दोन ओळींत कळते.

गट क्रमांक या दोन्हींच्या मध्ये अडकतो. उतरवलेला आहे, पण वाक्यात सतत येतो. ताई, तुमच्या आत्ताच्या उताऱ्यावर कसा आहे?

माजघर

जुन्या हाताने लिहिलेल्या प्रतीवर १४/२अ. नव्या संगणकाच्या प्रतीवर 14/2अ.

पायरीवरचा

मग मराठीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अक्षरी लिहा. "गट क्रमांक १४/२अ (अक्षरी चौदा, उपविभाग दोन-अ)". चौदाचं अठ्ठ्याण्णव कोणालाही वाचता येत नाही. क्षेत्राचंही तसंच. ०.८१ हे.आर म्हणजे एक्याऐंशी आर, ते अक्षरी लिहिलं की दशांशाचं टिंब झेरॉक्समध्ये उडालं तरी काम अडत नाही. तारखेत महिना नावाने घाला. १२/०५ चं कोणी ५ डिसेंबर करायला नको.

वेलांटी

आधारबद्दल मात्र माझं मत वेगळं. बारा आकडे मराठीत लिहिले तर काय बिघडतं? किंमत तीच राहते. पॅनमध्ये रोमन अक्षरं आहेत म्हणून ठीक, पण आधार नुसते अंक आहेत. कागदाला एकसारखं रूप येतं.

पायरीवरचा

किंमत तीच, हे खरं. पण टेबलापलीकडचा माणूस कार्ड एका हातात आणि शपथपत्र दुसऱ्या हातात धरून एकेक आकडा ताडून बघतो. कार्डावर 9, कागदावर ९, कार्डावर 1, कागदावर १. तो बिचारा १ ला 9 समजून लाल गोल करणारच. म्हणून मी उतरवलेलं तसंच ठेवतो. पण तुमच्या पद्धतीने केलेली शपथपत्रंही मी दाखल झालेली पाहिली आहेत. नियम म्हणून सांगत नाही, माझी सवय आहे.

सुटसुटीत

अहो पण मग शपथपत्र म्हणायचं की प्रतिज्ञापत्र? आमच्याकडे सगळे प्रतिज्ञापत्र म्हणतात. दोन्ही वेगळे असतात का?

पायरीवरचा

हा प्रश्न चांगला आहे. शपथ ईश्वराला स्मरून घेतात, प्रतिज्ञा ज्याला तसं नको असेल तो गांभीर्यपूर्वक करतो. शपथ अधिनियम, १९६९ दोन्ही मानतो. कागदाचं नाव म्हणून दोन्ही शब्द सर्रास चालतात. मात्र मथळ्यात शपथपत्र, पहिल्या ओळीत "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते", आणि शेवटी "वरील प्रतिज्ञालेख", असं तीन ठिकाणी तीन प्रकारे नको. मथळ्याचा शब्दच शेवटपर्यंत न्या.

वेलांटी

आणि जोडून लिहा. "शपथ पत्र" नाही, "शपथपत्र". "हक्क सोड पत्र" नाही, "हक्कसोडपत्र". तोडून लिहिलं की ओळीच्या शेवटी "शपथ" आणि पुढच्या ओळीत "पत्र" असं फुटतं, आणि शोधताना निम्मे सापडतात. "रुपये" मधला रु ऱ्हस्व, "रूपये" नको.

खिळेजुळारी

अंकांत एक राहिलंच. मसुद्यात परिच्छेदांना आपोआप पडणारे क्रमांक आहेत का? "3." इंग्रजीत आहे म्हणून विचारतो.

माजघर

हो, एंटर मारलं की पुढचा येतो.

खिळेजुळारी

मग ते शोधून सापडणार नाहीत, कारण ते मजकुरात नसतातच. क्रमांकांच्या शैलीत जाऊन १, २, ३ निवडावं लागेल. पानाच्या आकड्यांचंही वेगळं करावं लागतं. आणि शेवटचा सत्यापनाचा मजकूर बघा, तिथे "परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर" असं हाताने टंकलेलं असतं. मध्ये एखादा परिच्छेद वाढला की आपोआपचे क्रमांक सरकतात, सत्यापनातला ६ तिथेच बसून राहतो.

माजघर

आत्ता मोजले. परिच्छेद सात आहेत, सत्यापनात "1 ते 6".

पायरीवरचा

म्हणजे सातव्याला आईची शपथच नाही. सातव्यात काय आहे?

माजघर

"वरील व्यतिरिक्त मयतास अन्य कोणी वारस नाही."

पायरीवरचा

ज्यासाठी शपथपत्र करताय तेवढंच नेमकं बाहेर राहिलं. :) असो, वेळेत सापडलं.

माजघर

रात्री बसून पुन्हा लिहिलं. तिसरा परिच्छेद आता असा :

"३. माझे पती कै. अमुक (यापुढे ‘मयत’) हे दि. १२ मे २०२३ रोजी मयत झाले असून त्यांच्या मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. मयताच्या नावे मौजे तमुक येथील गट क्रमांक १४/२अ (अक्षरी चौदा, उपविभाग दोन-अ), क्षेत्र ०.८१ हे.आर (अक्षरी एक्याऐंशी आर) ही शेतजमीन (यापुढे ‘मिळकत’) आहे."

आई सगळीकडे "मी", सहीखाली "शपथकर्ती". सत्यापनात "परिच्छेद १ ते ७". शोधून पाहिलं, आणखी दोन ठिकाणी थांबलं, त्यातलं एक "२०2३" होतं! चार वेळा वाचलं होतं मी ते.

वेलांटी

‘कै.’ एकदाच आणि नावाला लागून, छान. "मयत झाले" मला खटकतं, पण कचेरीत हेच चालतं, राहू द्या.

पायरीवरचा

ठीक आहे. आता सही करायला जाताना छापील प्रत पुन्हा एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवा, अंकांसकट. अधिकाऱ्यासमोर काही चुकलेलं दिसलं तर पांढरी शाई लावू नका. रेघ मारून वर बरोबर लिहायचं, आणि तिथे आईची व शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याची लहान सही घ्यायची. शपथ होऊन गेल्यावर काही सापडलं तर त्या कागदाला हात लावायचा नाही, दुसरं दुरुस्तीचं शपथपत्र करायचं.

बापूसाहेब_निवृत्त

एक विचारू? नोटरीच्या शिक्क्यात तारीख आणि अनुक्रमांक इंग्रजी अंकांत येतो, त्याचं काय? तीही मिसळच ना?

पायरीवरचा

तो त्यांचा मजकूर, बापूसाहेब. आपण आपल्या सहीच्या वरचं सांभाळायचं.

माजघर

आईने आत्ताच विचारलं, ती सहीखाली तारीख हाताने घालते आणि तिचा १ तर छापील ९ सारखाच दिसतो. तिला महिना अक्षरात लिहायला सांगितलंय, दिवसाचं काय करू?